घरच्या ग्रुपवरचे LOL, mg आणि SMH : या चुका टाळा

घरच्या ग्रुपवर मुलं अर्ध्या शब्दांत बोलतात आणि थोरली मंडळी त्या अक्षरांचा अर्थ अंदाजाने लावतात. सगळा घोळ या अंदाजातून होतो. काही चुका तर पुन्हा पुन्हा तशाच घडताना दिसतात.

पहिली चूक LOL ची. याचा अर्थ ‘लाफिंग आउट लाउड’, म्हणजे खळखळून हसणं. पण पुष्कळ जण ते ‘लॉट्स ऑफ लव्ह’, म्हणजे खूप प्रेम, असं धरून चालतात. ब्रिटनचे माजी पंतप्रधान डेव्हिड कॅमेरन हेही मेसेजच्या शेवटी कधीकधी याच समजुतीने LOL लिहायचे. तिथल्या वृत्तपत्रांच्या कारभाराच्या चौकशीत २०१२ साली माजी संपादक रेबेका ब्रुक्स यांनी तशी साक्ष दिली होती.

माझ्या मावशीने हे लिहिलं ते निधनाच्या बातमीखाली. “धीर धरा, आम्ही आहोत. LOL.” ग्रुपवर शुकशुकाट. भाचीने फोन करून अर्थ सांगितल्यावर मावशीने घाईघाईने मेसेज पुसला, पण दाबलं Delete for me. मेसेज तिच्या फोनवरून गेला आणि बाकी सगळ्यांच्या फोनवर तसाच राहिला. मिटलं असं समजून ती दिवसभर निर्धास्त होती. संध्याकाळी कुणीतरी त्या मेसेजलाच उत्तर दिलं, तेव्हा तिला कळलं. बिचारी रडकुंडीला आली.

असं झालं तर घाई नको. व्हॉट्सॲपवर आपल्या मेसेजवर बोट दाबून धरा. पाठवून १५ मिनिटं झाली नसतील तर Edit चा पर्याय मिळतो, तेवढी तीन अक्षरं काढून टाका. वेळ टळली असेल तर Delete for everyone निवडा, ते दोन दिवसांनंतरही काही तास चालतं. चुकून Delete for me दाबलंच, तर खाली काही क्षण Undo दिसतं, ते लगेच दाबायचं. दुःखाच्या प्रसंगी मुळात पूर्ण शब्दच लिहावेत, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी चूक म्हणजे प्रत्येक तुकडा इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहे असं समजणं. काही तुकडे आद्याक्षरांचे असतात: TTYL म्हणजे ‘टॉक टू यू लेटर’, नंतर बोलू. काही उच्चारावर चालतात: gr8 मोठ्याने वाचा, ‘ग्रेट’ ऐकू येईल. काहींतले मुख्यतः स्वर गाळलेले असतात: pls, msg. आणि आपल्याकडची मुलं हेच मराठीलाही करतात. ky म्हणजे काय, pn म्हणजे पण, tr म्हणजे तर. काकांनी ग्रुपवर लिहिलं, “डॉक्टरांनी गोळी बदलली.” पुतणीने विचारलं, “mg?” काकांनी उत्तर दिलं, “500.” तिला विचारायचं होतं, “मग?” पुढे काय झालं, बरं वाटतंय का? तिला वाटलं काका तुटक बोलतायत, काकांना वाटलं पोरीला फक्त गोळीचंच पडलंय.

म्हणून तुकडा अडला की मी आधी वरचे दोन मेसेज वाचते, मग तो तुकडा मराठी समजून मोठ्याने वाचून बघते. तरी लागला नाही तर त्याच चॅटमध्ये Search उघडून ती अक्षरं टाकते. त्या व्यक्तीने आधी ती कुठे वापरलीत ते समोर येतं आणि दोन-तीन जागा पाहिल्या की अर्थ बहुतेक उलगडतो. शंभर शॉर्टफॉर्मच्या याद्या फिरत असतात, त्यांच्यावर माझा विश्वास नाही. PM म्हणजे दुपारनंतरची वेळ, पंतप्रधान की खाजगी मेसेज, हे यादी सांगू शकत नाही, शेजारचं वाक्य सांगतं. सकाळी यादी वाचून रात्री ती अक्षरं ग्रुपवर टाकायची घाई तर मुळीच करू नये. तोच तुकडा दोन-तीन वेगळ्या माणसांनी वापरलेला दिसेपर्यंत थांबा.

बाकीच्या चुका थोडक्यात.

SMH म्हणजे ‘शेकिंग माय हेड’, हताशपणे मान हलवणं. नातवाच्या निकालाखाली कौतुक म्हणून टाकू नका.

नुसतं K अनेक तरुणांना रागावल्यासारखं वाटतं, ‘ठीक आहे’ लिहा.

कवटी 💀 आली की घाबरू नका, बहुतेक वेळा ‘हसून मेले’ एवढाच अर्थ असतो.

WTF मध्ये शिवी आहे. मुलांनी लिहिलं तरी आपण उचलू नका.

इतकं करूनही अर्थ लागला नाही तर ज्याने लिहिलंय त्यालाच विचारा, पण ग्रुपवर नको. तो मेसेज धरून त्याला वेगळा पाठवा आणि खाली लिहा, “याचा अर्थ सांग रे.” नुसती अक्षरं पाठवलीत तर त्यालाही आठवणार नाही, अख्खा मेसेज पाठवा.