नेल स्टुडिओत रेफरल पॉइंट्सची स्कीम कशी बसवायची, माझा अनुभव

मी नाशिकला नेल स्टुडिओचं फ्रंट डेस्क आणि हिशोब दोन्ही बघते. या लाइनमध्ये नवीन आलेल्या मुली मला बहुतेक वेळा एकच विचारतात, की मैत्रिणीला आणलं तर किती पॉइंट्स द्यायचे. माझं म्हणणं असं की किती द्यायचे त्याच्या आधी कधी द्यायचे ते ठरवा, स्कीम तिथेच तरते नाहीतर बुडते.

कारण आपला धंदा रिफिलवर चालतो. एक्स्टेंशन पहिल्यांदा करायला दोन-अडीच तास खुर्ची अडकते, मग तीन-चार आठवड्यांत नखं वाढतात, मुळाशी गॅप दिसायला लागते आणि क्लायंट रिफिलला येते, ते काम कमी वेळात होतं आणि मटेरियलही कमी लागतं. म्हणजे मैत्रीण एकदा येऊन गेली यात फार काही नाही, ती रिफिलला परत आली की ती आपली क्लायंट झाली.

आता उदाहरण घेऊ, आकडे तुमच्या रेटप्रमाणे बदला. एक्स्टेंशन १५०० ला, मैत्रिणीला पहिल्या वेळी १५० सूट, म्हणजे १३५० आले. त्यातून मटेरियलचे ३०० आणि टेक्निशियनचं २० टक्के इन्सेंटिव्ह २७० गेलं, हातात ७८० राहिले आणि भाडं, लाइट बिल अजून यातूनच जायचंय. इथेच आणणाऱ्या ताईला ३०० पॉइंट्स देऊन टाकले (एक पॉइंट म्हणजे एक रुपया, हे सोपंच ठेवा, नाहीतर काउंटरवर रोज समजावत बसावं लागतं) आणि मैत्रीण परत आलीच नाही तर अडीच तासांचे ४८० उरले. म्हणून मी तेच ३०० तोडून देते, पहिल्या वेळी १०० आणि मैत्रिणीच्या रिफिलनंतर २००. रिफिल ९०० चं, मटेरियल आणि इन्सेंटिव्ह जाऊन साधारण ६०० उरतात, तेव्हा २०० द्यायला जड जात नाही. शिवाय गंमत अशी होते की ताई स्वतःच मैत्रिणीला आठवण करते, "अगं तुझं रिफिल राहिलंय ना, चल माझ्यासोबतच", आपल्याला फोन करावा लागत नाही.

पहिले १०० पण मी बिल झाल्या झाल्या टाकत नाही, सात दिवस थांबते. आमच्याकडे आठवड्याच्या आत नख लिफ्ट झालं तर फुकट रिपेअर आहे, ती मुदत गेली की पॉइंट्स जमा आणि ताईला व्हॉट्सॲपवर एक ओळ, "तुमच्या मैत्रिणीमुळे १०० पॉइंट्स जमा झाले, तीन महिने चालतील." तीन महिने यासाठी की तेवढ्यात तिच्या दोन-तीन रिफिल होतात, वापरायला पुरेसा वेळ मिळतो आणि वहीत जुन्या पॉइंट्सचं ओझं पण साठत नाही.

पॉइंट्स वापरायचे कशावर, हे पण आधीच ठरवा. बिलातून सरळ वजा करू दिले तर एक पॉइंट म्हणजे आपला पूर्ण एक रुपया गेला. त्यापेक्षा क्रोम, कॅट आय, दोन बोटांवर नेल आर्ट अशा ॲड-ऑनवर वापरू द्या. क्रोमचे मेन्यूवर २०० लागतात पण पावडर चिमूटभर जाते आणि दहाएक मिनिटं, म्हणजे क्लायंटला २०० चं मिळालं, आपल्याला त्याच्या कितीतरी कमीत पडलं. शिवाय ती चकाकणारी नखं ऑफिसात चार जणी बघतात. शनिवार-रविवार मात्र ॲड-ऑनचे पॉइंट्स बंद ठेवा, तेव्हा ती दहा मिनिटं पण पुढच्या अपॉइंटमेंटला ढकलतात.

घोळ होतो तो बहुतेक नावावरून. "कोणी पाठवलं" हे बुकिंग घेतानाच विचारा आणि आणणाऱ्या ताईचा मोबाइल नंबर लिहून घ्या, बिलाच्या वेळी विचारलं की दोन जणी एकाच मैत्रिणीवर हक्क सांगतात आणि काउंटरवर वाईटपणा येतो. जुनीच क्लायंट नवऱ्याच्या नंबरवरून नवीन म्हणून आली तर ते सॉफ्टवेअरला कळत नाही, टेक्निशियनला हात बघून कळतं, म्हणून तिला विचारायची सवय ठेवा. लग्नाच्या ग्रुपला तर ही स्कीम लावूच नका. नवरी सात-आठ बहिणींना आणते, सगळ्या एकदा जेल पॉलिश करतात आणि आपापल्या गावी जातात, त्यांना सरळ ग्रुप रेट द्या.

स्कीम चालतेय का ते बघायला मी रजिस्टरमध्ये रेफरलच्या नावापुढे फक्त रिफिलची तारीख लिहिते. दोन महिन्यांनी तो कॉलम बराचसा कोरा दिसला तर पॉइंट्स वाढवून काही होणार नाही, पहिल्या सिटिंगचं काम किंवा रिफिलचा रेट तपासा. आणि एकाच टेक्निशियनच्या नावापुढे कोरा दिसला तर आधी तिच्या प्रेपकडे बघा, क्युटिकल नीट साफ न करता जेल लावलं की ते लवकर उचलतं, अशी मैत्रीण परत येत नाही आणि जिने आणलं तीही पुढे कोणाला आणायला कचरते.