इफ लिहिलं की त्याच्या शेजारचं वुड आधी शोधा

आपल्याकडं लेकरं इंग्रजी पेपरात हमखास असं लिहायलेत, इफ इट वुड हॅव रेन्ड इन जून, वी वुड हॅव सोन सोयाबीन. हे होतं कारण मराठीत दोन्हीकडं 'असता-असतं' येतंय, पाऊस पडला असता तर सोयाबीन पेरलं असतं, मग इंग्रजीतबी दोन्हीकडं वुड हॅव टाकावं वाटतं. पण इंग्रजीत वुड फक्त मुख्य वाक्यात, इफच्या बाजूला हॅड आणि क्रियापदाचं तिसरं रूप. म्हणजे इफ इट हॅड रेन्ड इन जून, वी वुड हॅव सोन सोयाबीन.

तपासताना आधी इफवाला तुकडा पेन्सिलनं वेगळा करा, तो पुढं असो की मागं, आणि त्यात वुड दिसलं की खोडा. मग मुख्य वाक्य कोणत्या काळाचं बोलतंय ते बघा. जूनमधेच संपलेली गोष्ट असंल तर वुड हॅव आणि तिसरं रूप. पण परिणाम आत्ताचा असंल तर हॅव लागतच नाही, इफ इट हॅड रेन्ड इन जून, द वेल वुड बी फुल नाऊ. इथं दोन बाजूचे काळ जुळत नाहीत म्हणून पुष्कळजण बरोबर वाक्य खोडून बसतात, तसं करू नका, नाऊ किंवा टुडे आहे का तेवढं बघा.

एक सूट आहे, नम्र विनंतीत इफ यू वुड साइन हिअर चालतं.