मॅडमना दुसरी मेल कशी लिहिली

पीएचडीच्या तिसऱ्या प्रकरणाबद्दल बोलायचं होतं म्हणून गाईड मॅडमकडे मेलवर वेळ मागितली होती. आठ दिवस उत्तर नाही. मनात नाही नाही ते विचार यायला लागले, प्रकरण आवडलं नसेल का, मॅडम रागावल्या असतील का.

मग मी माझीच मेल पुन्हा वाचली. चार परिच्छेद, सोबत बेचाळीस पानांची फाइल आणि शेवटी 'आपल्याला कधी वेळ असेल?' एवढंच. उत्तर द्यायचं तर मॅडमना आधी सगळं वाचावं लागणार, मग डायरी उघडून वेळ शोधावी लागणार. परीक्षेच्या दिवसांत अशी मेल मागे पडणारच.

नवी मेल न करता त्याच मेलला रिप्लाय केला, म्हणजे जुना मजकूर खालीच राहिला. मंगळवारी सकाळी साडेनऊला, लेक्चर सुरू व्हायच्या आधी पाठवला:

'नमस्कार मॅडम, नमुना निवडीबद्दल एकच शंका आहे, पंधरा मिनिटं पुरतील. गुरुवारी ४ किंवा शुक्रवारी ११ वाजता येऊ का? या आठवड्यात जमत नसेल तर पुढच्या सोमवारनंतरही चालेल. प्रकरण आधी वाचायची गरज नाही, संबंधित दोन पानं सोबत जोडली आहेत.'

'उत्तर आलं नाही', 'पुन्हा आठवण करून देते' असं मुद्दाम लिहिलं नाही. त्यात नकळत तक्रार डोकावते. व्हॉट्सअ‍ॅपही केला नाही. तो मी तारीख अगदी तोंडावर आली तरच करते.

दुपारी उत्तर आलं: 'शुक्रवार ११. ये.'