अंत्यविधीला येता येत नसेल, तर घरी कळवताना

फोन उचलला की पहिलं वाक्य हेच हवं: "मी येऊ शकत नाही, माझ्यासाठी थांबू नका." आजाराचं नंतर सांगा.

मागच्या पावसाळ्यात थोरले काका गेले, तेव्हा मी डेंग्यूने पुण्यात ॲडमिट होतो. सकाळी सहाला चुलतभावाचा फोन आला. नाही म्हणवेना, म्हणून म्हणालो, "डॉक्टरांना विचारतो, जमलं तर लगेच निघतो." डॉक्टर दहाला नाही म्हणाले. मी ग्रुपवर दोन ओळी टाकल्या आणि सलाईन लावून पडलो. मयताच्या घरात ग्रुप कोण बघतंय? कराडजवळच्या त्या गावात तिरडी बांधून तयार होती आणि पुण्याहून पुतण्या येतोय म्हणून सगळे खोळंबले होते. साडेचारला दादाचा पुन्हा फोन आला, "कुठवर आलास?" घरात चूल पेटली नव्हती. साखरेचा त्रास असलेल्या काकू सकाळपासून उपाशी बसल्या होत्या. म्हणून सांगतो, "बघतो", "प्रयत्न करतो" हे शब्द तोंडातून काढू नका. त्यांचा अर्थ तिकडे "येतोय" असाच घेतला जातो.

फोन कुणाला करायचा? जो लाकडांचं, गाडीचं बघतोय त्याला. काकूंना नाही, त्यांच्याशी दुसऱ्या दिवशी निवांत बोला. मेसेज हवा तर फोननंतर टाका. तुम्हाला बोलवत नसेल तर बायकोला, भावाला बोलायला सांगा, पण वाक्य तेच: थांबू नका.

आता कारण. नुसतं "बरं नाहीये" म्हटलं की वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. आजाराचं नाव, कितवा दिवस आणि डॉक्टर काय म्हणाले, एवढं सांगा. डेंग्यूत एक घोळ हमखास होतो. "ताप आहे का?" विचारतात, आपण खरं ते सांगतो, "उतरलाय." मग येत का नाही? माझं तसंच झालं. सहावा दिवस, ताप नाही, प्लेटलेट ३२ हजार. डेंग्यूत ताप उतरल्यावरचे एक-दोन दिवसच जास्त धोक्याचे असतात, रक्तदाब पडू शकतो, रक्तस्राव होऊ शकतो. हे असंच सांगा: "ताप उतरलाय, पण डॉक्टर म्हणतात धोका आत्ताच आहे, प्रवास करायचा नाही." रिपोर्टचे फोटो पाठवत बसू नका, त्या दिवशी ते कुणी वाचत नाही.

तुमच्या ऐवजी घरातलं कुणी निघालं असेल तर ते कुठवर पोहोचलंय, हेही कळवा. त्यांच्यासाठी थांबायचं की नाही, तेही स्पष्ट सांगा. व्हिडिओ कॉल तिकडून कुणी लावला तरच. पैशांचं दादाशी बोला, ग्रुपवर नको.

सावडायलाही जमणार नाही, हे त्याच फोनवर सांगून टाका. दहाव्याचा शब्द मात्र डॉक्टरांनी हो म्हटल्याशिवाय देऊ नका, नाहीतर घाटावर पुन्हा तुमची वाट बघत बसतील.