वेगळ्या मीटरसाठी घरमालकांना पत्र

भाडेकरू आणि घरमालक यांच्यात विजेच्या सामाईक मीटरवर बिलाचे समान भाग होत असतील, तर घरमालकांना पाठवायच्या पत्रात तक्रारीपेक्षा हिशेबाची रीत आधी मांडावी. उदाहरणार्थ: ‘आपण माझ्या खोलीसाठी स्वतंत्र उपमीटर बसवून द्यावा आणि मुख्य मीटरचे रीडिंग घेतले जाते त्याच दिवशी त्याचीही नोंद आपण दोघांनी मिळून करावी, ही विनंती.’ दिवस वेगळे राहिले की युनिट जुळत नाहीत आणि वाद तिथेच सुरू होतो.

पुढे आकडे द्यावेत. उपमीटर १२४० वरून १३३० वर गेला आणि मुख्य मीटरवर ३०० युनिट झाले, तर भाडेकरूचे युनिट ९०, म्हणजे एकूण बिलाचे ३० टक्के. जिथे वापर वाढला की दर चढतो, तिथे मनाने ठरवलेल्या सरसकट दरापेक्षा हे प्रमाण दोघांनाही न्याय्य ठरते. मात्र स्थिर आकार समान वाटायचा की याच प्रमाणात, हे पत्रातच स्पष्ट लिहावे.

उपमीटर बसल्यावर खोलीतील सर्व उपकरणे बंद करून पाहावीत. तरीही आकडा पुढे सरकत राहिला, तर जिन्यातील दिवा किंवा पाण्याचा पंप त्याच मीटरवर जोडलेला असण्याची शक्यता असते, आणि ती जोडणी वेगळी करण्याची मागणीही लेखीच करावी.