हळदीच्या हंगामाआधी पेढीच्या सामाईक मेलबॉक्सची तयारी

सांगलीच्या मार्केट यार्डात नव्या हळदीचे सौदे सुरू झाले, की आडत पेढीच्या मेलवर परगावच्या खरेदीदारांची विचारणा वाढते आणि एकच जीमेल खाते दिवाणजी, हिशेब पाहणाऱ्या मॅडम आणि गोदामावरचा माणूस असे तिघे उघडू लागतात. समजा, इंदूरच्या व्यापाऱ्याने राजापुरी हळदीचा भाव विचारला. दिवाणजींनी ते पत्र मोबाईलवर वाचले आणि ताजा भाव पाहायला ते सौद्यावर गेले. दरम्यान मॅडमनी कालच्या यादीवरून क्विंटलला १४,२०० रुपये कळवले आणि तासाभराने परतलेल्या दिवाणजींनी १४,५०० लिहून पाठवले. व्यापारी अर्थातच पहिला आकडा धरून बसेल. याची उलट बाजूही तितकीच नुकसानीची आहे: दिवाणजींनी उघडल्यामुळे पत्र ‘वाचलेले’ दिसते, म्हणून मॅडम ते हाताळले गेले असे समजतात आणि उत्तर कोणाकडूनच जात नाही. दोन्ही घोटाळ्यांचे मूळ एकच आहे. पत्र कोणी तरी वाचले एवढेच मेलबॉक्स दाखवतो. ते कोणी अंगावर घेतले, हे तो आपणहून सांगत नाही.

पहिली तयारी म्हणून एकच पासवर्ड सर्वांना देणे बंद करावे आणि प्रत्येकाला त्याच्या स्वतःच्या जीमेल खात्यातून पेढीच्या खात्यात प्रवेश द्यावा. संगणकावर पेढीच्या खात्याच्या सेटिंग्जमध्ये Accounts and Import या पानावर Grant access to your account असा भाग असतो. तेथे ज्याचा त्याचा पत्ता घालावा. आलेले निमंत्रण त्या व्यक्तीने आठवड्याच्या आत स्वीकारावे लागते आणि त्यानंतरही प्रवेश सुरू व्हायला एखादा दिवस लागू शकतो, म्हणून हे काम सौद्याच्या आदल्या दिवसावर ठेवू नये. अशा प्रवेशाने पत्रे वाचता व पाठवता येतात, पासवर्ड मात्र बदलता येत नाही. त्याच भागात Leave conversation unread when opened by others हा पर्याय निवडावा, म्हणजे दिवाणजींनी नुसते उघडलेले पत्र इतरांसाठी न वाचलेलेच राहील.

दुसरी तयारी लेबलांची, आणि माझ्या मते सर्वांत जास्त वेळ येथेच द्यावा. लेबले ‘विक्री’, ‘गोदाम’ अशा खात्यांच्या नावाने करण्याचा मोह होतो, पण ‘विक्री’ म्हटल्यावर उत्तर नेमके कोणी लिहायचे हा प्रश्न तसाच उरतो. म्हणून लेबल माणसाच्या नावाचेच असावे, प्रत्येकाचा रंग वेगळा असावा, आणि उत्तराची चौकट उघडण्यापूर्वी, किंबहुना भाव विचारायला जागेवरून उठण्यापूर्वी, आपले लेबल लावायचे असा नियम तिघांनी मान्य करावा. वरच्या उदाहरणात दिवाणजींनी सौद्यावर जाण्याआधी एवढेच केले असते, तर मॅडमनी त्या पत्राला हात लावला नसता. लेबल लागलेल्या पत्राला दुसऱ्याने उत्तर देऊ नये. अगदीच घाई असेल तर आधी फोन करावा, मग लेबल बदलावे आणि मगच लिहावे. काम संपल्यावर नावाचे लेबल काढून ‘झाले’ हे लेबल लावावे.

या पद्धतीची एक मर्यादा आधीच माहीत असावी. तोच व्यापारी दुपारी नव्या विषयाने ‘सॅम्पल कधी?’ असे वेगळे पत्र पाठवतो, तेव्हा ते वेगळ्या संभाषणात पडते आणि त्याच्यावर कोणाचेच नाव नसते. म्हणून नवे पत्र दिसताच पाठवणाऱ्याचा पत्ता शोधून त्याचे आधीचे संभाषण कोणाकडे आहे ते पाहावे आणि नवे पत्रही त्याच्याच नावावर करावे. दुपारी आणि पेढी बंद करताना एकाने शोधपट्टीत पुढील ओळ टाकावी:

```
in:inbox has:nouserlabels
```

यात बेवारस पत्रे समोर येतात. लेबल असलेले एखादे संभाषणही या यादीत दिसू शकते, कारण त्यात नंतर आलेल्या पत्राला लेबल नसते. ते चूक समजून सोडू नये, बहुधा तेथे व्यापाऱ्याचे ताजे उत्तर आलेले असते.

सहीसाठी प्रत्येकाच्या नावाची स्वतंत्र सही पेढीच्या खात्यात तयार ठेवावी आणि पाठवताना आपली निवडावी. खाली नुसते पेढीचे नाव असले, तर व्यापाऱ्याला फोनवर कोणाला विचारायचे ते कळत नाही.

शेवटी रजेचा विचार करावा. रजेवर जाणाऱ्याने आदल्या संध्याकाळी आपल्या लेबलाखालची सर्व पत्रे उघडून, प्रत्येक पत्र कोणाकडे द्यायचे ते त्या व्यक्तीशी बोलून ठरवावे आणि लेबल बदलूनच पेढी सोडावी. अचानक आजारी पडणाऱ्याच्या बाबतीत हे काम कोण करील, त्याचे नाव हंगामाआधीच ठरलेले असावे.