तार गंधाराला आवाज फाटत होता, तो असा सुटला

माझी पट्टी काळी एक, आवाज पुरुषाचा. तार रिषभापर्यंत छातीचा आवाज ठणठणीत, पण गंधाराला तो फाटायचा, नाहीतर एकदम पोकळ फॉल्सेटोत उडी मारायचा. जोर लावला, हनुवटी वर केली, गरम पाणी प्यायलो, फरक शून्य. वैताग आला होता.

जमलं ते वरून खाली येऊन. आधी तार पंचम हलक्या फॉल्सेटोत 'ऊ'वर धरला आणि तिथून मध्य पंचमापर्यंत संथ मींड घेतली. खाली येताना आवाज मुद्दाम भरायचा नाही, तो आपोआप जाड होतो. फॉल्सेटो आणि छातीच्या आवाजातला सांधा खडखडला की तीच मींड ज्यूसच्या स्ट्रॉमधून, ओठ घट्ट मिटून. मागे साठलेल्या हवेच्या दाबाने स्वरतंतूंवरचा ताण कमी होतो. ती गुळगुळीत झाल्यावरच उलट, खालून वर. यात तार षड्जापासूनच आवाज कमी करायचा, गंधाराला पोचल्यावर नव्हे. शेवटी 'आ'कार, पण रिषभानंतर तो किंचित 'ओ'कडे झुकवून.

आता गंधार बारीक लागतो, पण फुसफुसत नाही. म्हणजे हा हेड व्हॉइस. फॉल्सेटोत हवा गळते आणि दम लवकर संपतो. घसा खवखवला की त्या दिवशी थांबायचं.